“सीओडी आहे का?” आणि “वापस घेता का?”: घरून साड्या विकणाऱ्यांनी मेसेजमध्ये काय उत्तर द्यावं

घरून साड्या किंवा कुर्ती विकायला लागलं की इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर दोन प्रश्न रोज येतात. “ताई, सीओडी आहे का?” आणि “नाही आवडली तर वापस घेता का?” नवीन विक्रेते पहिल्याला “हो आहे” आणि दुसऱ्याला “नो रिटर्न” लिहून मोकळे होतात. पुढे पार्सल दारातून परत येतं तेव्हा त्याचं मूळ बहुतेक वेळा याच दोन तुटक उत्तरांत सापडतं. किती पैसे द्यायचे, कधी, कोणाला, आणि माल चुकीचा निघाला तर काय करायचं, हे गिऱ्हाइकाला पार्सल निघण्याआधी लेखी कळलेलं असलं पाहिजे. ते कसं कळवायचं ते एका ऑर्डरच्या आधाराने सांगते. विक्रेती परभणीची, गिऱ्हाईक नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातल्या एका गावच्या ताई, आणि माल म्हणजे ९५० रुपयांची एक कॉटन साडी.

आधी एका पार्सलचा हिशेब

साडी तुम्हाला ६०० रुपयांना पडली. पिशवी, टेप, चिठ्ठी मिळून १५. पाठवण्याचा खर्च ७५ आणि कुरिअरचा सीओडी आकार ४०. पार्सल पोचलं आणि पैसे मिळाले तर हातात २२० रुपये राहतात. आता तेच पार्सल ताईंनी घेतलं नाही असं धरा. जाण्याचे ७५ गेलेच, परत येण्याचे साधारण ६५ लागले, पॅकिंगचे १५ वाया गेले. म्हणजे १५५ रुपयांचा तोटा, आणि साडी पंधरा दिवस रस्त्यात अडकली ती वेगळीच. दहा पार्सलांपैकी तीन परत आली तर २,२०० रुपयांच्या नफ्याचे १,०७५ उरतात. हे दर उदाहरणापुरते आहेत. तुमच्या कुरिअरचं दरपत्रक समोर ठेवून हाच हिशेब एकदा करा आणि परतीचा आकार त्यात कुठे लिहिलाय ते शोधा. कुरिअरवाले परत आलेल्या पार्सलला ‘आरटीओ’ म्हणतात. काही कंपन्या अशा पार्सलचा सीओडी आकार परत देतात, काही देत नाहीत, तेही विचारून घ्या. साडी हलकी असली तरी मोठ्या खोक्यात घालू नका. कुरिअरवाले लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात आणि आलेलं वजन खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर पैसे त्याचेच लावतात.

पहिला प्रश्न आला की गाव आणि पिनकोड विचारा

“सीओडी आहे का?” याला लगेच “हो” लिहू नका. मराठवाड्यात बरेचसे पिनकोड ४३१ ने सुरू होतात आणि लातूर, धाराशिवकडचे ४१३ ने. पण एका पिनकोडखाली शहराचा भाग आणि लांबची खेडी दोन्ही असू शकतात. कुरिअरच्या साइटवर पिनकोड टाकून बघताना एक गोष्ट नवीन माणसाच्या नजरेतून सुटते: ‘डिलिव्हरी आहे’ आणि ‘सीओडी आहे’ या दोन वेगळ्या नोंदी असतात. आगाऊ पैसे भरलेलं पार्सल जातं, पण सीओडी जात नाही, अशीही ठिकाणं असतात. शिवाय पिनकोड चालतो म्हणजे कुरिअरचा माणूस वस्तीपर्यंत येतोच असं नाही. तो तालुक्याच्या गावातून फोन करतो आणि “इथं येऊन घेऊन जा” म्हणतो. हे तुम्ही आधी सांगितलं नसेल तर गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला फसवलं.

म्हणून पहिलं उत्तर असं द्या:

“नमस्कार ताई, हो, बऱ्याच गावांना सीओडी जातं. तुमचं गाव, तालुका आणि पिनकोड सांगता का? तुमच्याकडे कुरिअर घरपोच येतं का तेही तपासून पाच मिनिटांत सांगते.”

कुरिअर पोचत नसेल तर पोस्ट आहे. गावात शाखा डाकघर असेल तर पोस्टमन पार्सल आणतो. पोस्टाच्या व्हीपीपीमध्ये तो पैसे घेऊनच पार्सल देतो आणि ती रक्कम पोस्टामार्फत पाठवणाऱ्याला मिळते. यात वेळ जास्त लागू शकतो. तसं असेल तर तसंच लिहा. आठ दिवस लागणार असताना “तीन-चार दिवसांत येईल” असं लिहिलं तर पाचव्या दिवशी रागाचा मेसेज येतो आणि नवव्या दिवशी पार्सल नाकारलं जातं.

पिनकोड तपासून झाला की रकमेचा मेसेज. त्यात पूर्ण आकडा एकच असू द्या:

“ताई, तुमच्या पिनकोडला सीओडी आहे. साडी ९५० रुपये, पाठवण्याचा खर्च त्यातच. दारात एकूण ९५० द्यायचे, त्यावर एक रुपयाही जास्त नाही. उद्या पाठवली तर मुखेडपर्यंत ४ ते ६ दिवस. कुरिअरचा माणूस गावात आला नाही तर मुखेडहून घ्यावी लागेल. चालेल का?”

या शेवटच्या “चालेल का?” ला उत्तर आल्याशिवाय पार्सल बांधू नका. नुसता अंगठा आला तर “हो, पाठवा” एवढं लिहून घ्या. वयस्कर काकू, मावशी व्हॉइस मेसेज पाठवतात. त्यांना तुम्हीही बोलून उत्तर द्या, पण रक्कम आणि तारीख त्याच्याखाली लिहाच. आठ दिवसांनी फोन घरातल्या दुसऱ्या कोणाच्या हातात असतो आणि बोललेलं कोणी शोधत बसत नाही.

“फोडून बघू द्याल का?”

हा सगळ्यात अवघड प्रश्न आणि सगळ्यात रास्तही. न मागवलेली सीओडी पार्सलं घरी येणं, आत वेगळंच काहीतरी निघणं, हे लोकांनी ऐकलेलं किंवा सोसलेलं असतं. त्यामुळे “ताई, पार्सल फोडून बघता यील का? मंग पैसे देऊ” असं विचारणाऱ्या गिऱ्हाइकावर चिडू नका.

खरं उत्तर असं आहे की नेहमीच्या सीओडीत कुरिअरचा माणूस पैसे घेतल्याशिवाय पार्सल हातात देत नाही आणि फोडू देत नाही. तो नियम तुम्ही बदलू शकत नाही. काही कंपन्या उघडून दाखवण्याची सोय देतात, पण ती तुमच्या खात्यावर आणि त्या पिनकोडला चालू आहे हे लेखी कळल्याशिवाय आश्वासन देऊ नका. ऑर्डर हातची जाईल या भीतीने “हो, बघा की” लिहिलेलं मी बऱ्याच जणींकडून पाहिलं आहे. मग दारात वाद होतो, कुरिअरवाला ‘गिऱ्हाइकाने नाकारलं’ असा शेरा मारतो आणि पार्सल परत निघतं. नकार द्यावा, पण त्याबरोबर पर्यायही द्यावा:

“ताई, कुरिअरवाले पैसे दिल्याशिवाय पार्सल फोडू देत नाहीत, हे आधीच सांगते. म्हणून मी तुमचीच साडी उजेडात उलगडून, पदर, काठ आणि ब्लाउजपीस दाखवून व्हिडिओ पाठवते. पार्सल बंद करतानाचाही पाठवते. आल्यावर तुम्ही फोडतानाचा व्हिडिओ काढा. साडी वेगळी किंवा फाटकी निघाली तर पूर्ण पैसे परत, कुरिअरचा खर्चही माझा.”

साडीचा व्हिडिओ दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ काढा. ट्यूबलाइटखाली मोरपंखी रंग निळा दिसतो आणि परतीच्या तक्रारींत “रंग वेगळा आहे” ही तक्रार वारंवार असते. पार्सल बंद करतानाच्या व्हिडिओत लेबलवरचा नंबर दिसू द्या. मात्र दुसऱ्या गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता असलेलं पार्सल त्या चौकटीत येणार नाही याकडे लक्ष ठेवा.

आणखी एक बारीक गोष्ट सांगते, कारण ती फार कमी लोक सांगतात. लेबलवर पाठवणाऱ्याचं नाव तुमच्या इन्स्टाग्राम पानाचं नसू शकतं. कुरिअरच्या खात्यावर जे नाव नोंदलंय ते छापलं जातं. पार्सल येतं तेव्हा ताई शेतात असतात, दारात सासरे असतात, आणि ते अनोळखी नाव वाचून म्हणतात, “आपण असं काही मागवलं नाही.” म्हणून तुमच्या लेबलवर काय छापून येतं ते एकदा बघा आणि तेच नाव गिऱ्हाइकाला कळवा.

शंभर रुपये आगाऊ मागावेत का?

माझं मत, अनोळखी गिऱ्हाइकाच्या पहिल्या ऑर्डरला मागावेत, पण कशासाठी ते सांगून. आमच्या उदाहरणात १०० रुपये यूपीआयने आधी आणि दारात ८५०. लेबलवरची सीओडी रक्कम ८५० च टाकायची. इथे ९५० राहिली तर गिऱ्हाइकाला दारात शंभर जास्त मोजावे लागतात आणि पुढचं सगळं बोलणं त्याच चुकीवर खर्च होतं. मेसेज असा:

“ताई, १०० रुपये आगाऊ लागतात, ते साडीच्या किमतीतच धरले आहेत. दारात ८५० द्यायचे. माल चुकीचा किंवा खराब निघाला तर हे १०० सुद्धा परत. पार्सल आल्यावर कारण नसताना घेतलं नाही तर हे १०० जाण्या-येण्याच्या खर्चात जातील.”

“आधी एक रुपया देणार नाही” असं म्हणणारे असतात. त्यांच्यावर दबाव आणू नका. व्हिडिओ कॉलवर साडी दाखवा, आधी घेतलेल्या कोणा गिऱ्हाइकाची परवानगी असेल तर त्यांच्याशी बोलायला सांगा. तरी नको म्हणाले तर पूर्ण सीओडीवर पाठवायचं की नाही, हे तुम्ही तो परतीचा हिशेब बघून ठरवा.

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट बघून पार्सल पाठवू नका, तुमच्या बँकेच्या ॲपमध्ये रक्कम जमा झाली का ते बघा. “जास्त पैसे गेले, वापस पाठवा” असा मेसेज आला तरी आधी खातंच तपासा. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. कोणी क्यूआर पाठवून “स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे येतील” म्हणालं तर तिथेच थांबा.

पत्ता आणि बाजाराचा दिवस

गावाकडच्या पत्त्याला घर क्रमांक नसतो. “मारुती मंदिराजवळ” असं सगळेच लिहितात आणि तसं मंदिर प्रत्येक गावात असतं. म्हणून पत्ता पाच तुकड्यांत मागवा: पूर्ण नाव, गाव, जवळची ठळक खूण, तालुका व जिल्हा, पिनकोड. शिवाय दोन मोबाइल नंबर, त्यातला दुसरा दिवसा घरी किंवा तालुक्याला असणाऱ्या माणसाचा. पत्ता लिहून परत गिऱ्हाइकाला पाठवा आणि “बरोबर आहे” असं उत्तर घ्या. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात. पिनकोड एका तालुक्याचा आणि गाव दुसऱ्याचं निघालं तर पार्सल भलतीकडे फिरतं.

मग एक प्रश्न आवर्जून विचारा: “तुम्ही तालुक्याला बाजाराला कोणत्या दिवशी येता?” आठवडी बाजाराच्या दिवशी घरातलं कोणीतरी गावात येतंच आणि कुरिअरच्या ऑफिसातून पार्सल उचलणं सोपं जातं. पार्सल बाजाराच्या आदल्या दिवशी पोचेल अशा बेताने पाठवता आलं तर पाठवा. सोयाबीन काढणीच्या दिवसांत सकाळी घराला कुलूप असतं. “संध्याकाळी सहानंतर फोन करा” अशी नोंद लेबलवर किंवा कुरिअरच्या ॲपमध्ये करता येत असेल तर करा, पण तसं होईलच अशी खात्री गिऱ्हाइकाला देऊ नका.

पार्सल निघालं की त्याच दिवशी एक मेसेज: ट्रॅकिंग नंबर, कुरिअरचं नाव, लेबलवरचं नाव, द्यायची रक्कम, आणि “अनोळखी नंबरवरून फोन आला तर उचला, तो कुरिअरवाल्याचा असेल. लेबलवर लिहिलेल्या ८५० पेक्षा जास्त देऊ नका. शक्यतो रोख, सुट्टे तयार ठेवा.” बरेच कुरिअरवाले दारात क्यूआर दाखवतात, पण गावात रेंज नसली तर पंचाईत होते.

हे सगळे मेसेज रोज नव्याने टाइप करायची गरज नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये झटपट उत्तरं साठवता येतात. `/cod`, `/video`, `/patta`, `/parat` असे चार शॉर्टकट करून ठेवा. नाव, रक्कम आणि गाव मात्र दर वेळी हाताने बदला. दुसऱ्याच गावाचं नाव असलेला मेसेज गेला की विश्वास जातो. इन्स्टाग्रामवर अनोळखी लोकांचे मेसेज विनंत्यांच्या वेगळ्या यादीत पडतात. ती यादी रोज संध्याकाळी उघडा.

“डिलिव्हरी झाली नाही” असा शेरा दिसला तर

ट्रॅकिंगवर ‘गिऱ्हाईक उपलब्ध नाही’ किंवा ‘नाकारलं’ असं दिसलं की त्याच दिवशी गिऱ्हाइकाला विचारा. कंपन्या साधारणपणे दोन-तीनदा प्रयत्न करतात आणि मधल्या काळात विक्रेत्याने ‘पुन्हा न्या’ असं कळवावं लागतं. तुम्ही गप्प राहिलात तर पार्सल परत फिरतं.

मुखेडच्या ताईंच्या पार्सलवर ‘नाकारलं’ असा शेरा आला असं समजा. “तुम्ही का नाकारलं?” असं विचारू नका. फोनच आला नसण्याची शक्यता भरपूर असते. लिहा: “ताई, पार्सल आज पोचलं नाही असं दिसतंय. तुम्हाला फोन आला होता का? उद्या पुन्हा पाठवायला सांगू का, की मुखेडहून घ्याल?” त्यांनी “फोनच नाही आला” सांगितलं तर त्या मेसेजचा फोटो जोडून कुरिअरकडे तक्रार करा आणि दुसरा नंबर द्या. मन बदललं असेल तर तेही शांतपणे ऐकून पार्सल लगेच परत बोलवा.

“वापस घेता का?”

यात तीन वेगळी प्रकरणं असतात आणि तिघांना एकच उत्तर देणं चुकीचं आहे.

माल फाटका, डागी, चुकीचा किंवा दाखवल्यापेक्षा वेगळा निघाला तर परत घ्यावाच लागतो. ‘नो रिटर्न, नो एक्सचेंज’ असं पानावर लिहिल्याने सुटका होत नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांचा काळ धरला जातो. गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करू शकतं.

माप बसलं नाही, हे कुर्तीत होतं. इथे बदलून देणं चांगलं, आणि एका बाजूचा खर्च गिऱ्हाइकाने करावा असं आधी सांगितलेलं असेल तर वाद होत नाही. छातीचं माप इंचात विचारून घेतलं तर ही वेळ कमी येते, कारण एल आणि एक्सएल प्रत्येक कारखान्याचे वेगळे असतात.

“आवडली नाही” हे तिसरं. घ्यायचं की नाही हे तुमचं धोरण, पण ऑर्डरच्या आधी लिहून द्या. साडीसाठी मी हे सुचवते: तीन दिवसांत कळवायचं, साडी धुतलेली नको, फॉल-पिको केलेला नको, ब्लाउजपीस कापलेला नको, परत पाठवण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा.

आता ताईंचा मेसेज येतो: “ताई काठाला डाग हाय, मला नको ही साडी, पैसे वापस द्या.” पहिलं उत्तर संशयाचं नको. “व्हिडिओ कुठंय?” असं विचारलं की भांडण सुरू होतं. लिहा: “ताई, वाईट वाटलं. डागाचा जवळून एक फोटो आणि पूर्ण काठाचा एक फोटो उजेडात काढून पाठवा. आज संध्याकाळपर्यंत सांगते.” फोटो आल्यावर तुमचा पॅकिंगचा व्हिडिओ उघडून तोच काठ बघा. डाग तिथे दिसत असेल तर वाद संपला. दिसत नसेल आणि नक्की सांगता येत नसेल, तर पहिल्या वेळेला गिऱ्हाइकाच्या बाजूने निर्णय द्या. नंबरापुढे नोंद ठेवा, आणि पुन्हा तसंच झालं तर पुढची ऑर्डर आगाऊ पैशांवरच घ्या.

परत आणायचं कसं हा खेड्यातला खरा प्रश्न. कुरिअर घरून पार्सल उचलायला सगळीकडे येत नाही. तेव्हा गिऱ्हाइकाला पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवायला सांगा, तुमचा पत्ता एका मेसेजमध्ये कागदावर उतरवता येईल असा लिहा आणि पावतीचा फोटो मागा. डागाचा दोष तुमचा असल्यामुळे पावतीवरचा खर्चही तुम्ही द्यायचा.

पैसे परत देताना नवीन लोक “कुरिअरकडून आले की देते” म्हणतात. सीओडीचे पैसे डिलिव्हरीनंतर काही दिवसांनी तुमच्या खात्यात येतात हे खरं, पण ते तुमचं आणि कुरिअरचं खातं झालं. ताईंनी ८५० रोख मोजले आहेत. म्हणून चार-पाच साड्यांच्या किमतीइतकी रक्कम कायम बाजूला ठेवा. परतावा यूपीआयने द्यायचा, म्हणून नंबर विचारा, आधी एक रुपया पाठवून ॲपमध्ये दिसणारं नाव त्यांना सांगा, “हो, माझंच” आलं की उरलेले पाठवा. त्यांच्याकडे यूपीआय नसेल तर घरातल्या कोणाचा नंबर वापरायचा ते त्यांच्याकडूनच लिहून घ्या. स्पीड पोस्टचे ६० रुपये लागले असतील तर हिशेब असा लिहा:

“ताई, आगाऊ १००, दारात दिलेले ८५०, पोस्टाचे ६०, एकूण १,०१० रुपये. साडी मिळाली. १ रुपया आधी पाठवला होता, आता १,००९ पाठवले. व्यवहार क्रमांक खाली देते. आल्यावर कळवा.”

परत आलेलं प्रत्येक पार्सल, मग ते गिऱ्हाइकाने पाठवलेलं असो की कुरिअरने फिरवलेलं, फोडायच्या आधी वजन करा आणि कॅमेरा चालू ठेवूनच फोडा. आत दुसरीच वस्तू निघाली तर कुरिअरकडे दावा करायला याच पुराव्याचा उपयोग होतो. दाव्याची मुदत फार थोडी असते, त्यामुळे पार्सल कोपऱ्यात न ठेवता आलं त्याच दिवशी उघडा.